डॉक्टरांचा कागद नाही, पण आजारी खरंच होतो: मॅनेजरला काय उत्तर द्यावं

प्रश्न: «पुण्यात खासगी कंपनीत नोकरी करतो. रविवारी सकाळी मित्रांबरोबर सिंहगडावर गेलो होतो. रात्रीपासून उलट्या-जुलाब आणि ताप. सोमवारी सकाळी सरांना व्हॉट्सॲपवर कळवलं आणि दोन दिवस सिक लीव्ह घेतली. डॉक्टरकडे गेलो नाही, घरीच ओआरएस आणि तापाच्या गोळ्या घेतल्या. बुधवारी कामावर आलो तर सरांचा मेल: ‘रविवारी तुझं गडावरचं स्टेटस पाहिलं. आजारी होतास याचा पुरावा दे, नाहीतर विनापगारी लावतो.’ मित्र म्हणतो, ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आण. काय करू?»

मी बरीच वर्षं पुण्यातच एचआरमध्ये काम करते आणि रजेवरून झालेले असे वाद माझ्या टेबलावर नेहमी येतात. तुमच्या सरांच्या मेलमध्ये खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, कागद द्या. दोन, तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटतं. पहिल्या गोष्टीचं उत्तर तुमच्या कंपनीच्या रजेच्या नियमांत आहे. दुसरीचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे आणि ते मोजक्या वाक्यांचं आहे. लोक या दोन्हींची गल्लत करतात. ‘तुमचा माझ्यावर विश्वासच नाही का?’ असं चिडून लिहितात आणि कागदाबद्दल गप्प बसतात, किंवा कुठून तरी कागद पैदा करतात आणि संशयाला उत्तरच देत नाहीत. दोन्हीकडे प्रकरण चिघळतं.

आधी कागदाचं बघू. महाराष्ट्रात दुकाने आणि खासगी कार्यालयांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. छोट्या आस्थापना त्याच्या बऱ्याच तरतुदींच्या बाहेर राहतात, पण ज्यांना तो पूर्ण लागू आहे तिथे वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा, म्हणजे कॅज्युअल लीव्ह, मिळते आणि अर्जित रजा वेगळी. आजारपणाची म्हणून स्वतंत्र रजा या कायद्यात नाही. त्यामुळे तुमच्या कंपनीत ‘सिक लीव्ह’ नावाचं जे काही आहे, ते बहुधा कंपनीच्या स्वतःच्या पॉलिसीतून आलेलं आहे, आणि सर्टिफिकेट कधी लागतं तेही तिथेच लिहिलेलं असणार. म्हणून उत्तर लिहायच्या आधी एचआर पोर्टलवरची लीव्ह पॉलिसी उघडा. पोर्टलवर नसेल तर नेमणूकपत्रासोबत मिळालेले कागद काढा.

पॉलिसीत तीन गोष्टी शोधा. किती दिवसांच्या आजारपणानंतर सर्टिफिकेट लागतं? पुष्कळ ठिकाणी सलग दोन किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त रजा असेल तरच ते मागतात. दुसरं, साप्ताहिक सुट्टीला जोडून रजा घेतली तर वेगळा नियम आहे का? काही पॉलिसींत असं स्पष्ट लिहिलेलं असतं की सुट्टीला लागून एक दिवस जरी सिक लीव्ह घेतली तरी कागद हवा. तुमची सोमवार-मंगळवारची रजा रविवारला चिकटलेली आहे, त्यामुळे हे कलम तुम्हाला नेमकं लागू होऊ शकतं. तिसरं, ‘व्यवस्थापनाला योग्य वाटल्यास कधीही सर्टिफिकेट मागता येईल’ असं एखादं वाक्य शेवटी दडलंय का? तसं असेल तर सरांनी मागितलं यात नियमाबाहेर काही नाही, आणि मग ‘मागायचा अधिकारच नाही’ या सुरात लिहिण्यात अर्थ नाही.

तुमच्या मित्राच्या सल्ल्याबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणू नका. तुम्ही खरंच आजारी होतात, म्हणून ते ‘फक्त औपचारिकता’ आहे असं वाटतं. पण त्या कागदावर काय लिहिलेलं असणार? ‘हे सोमवार ते मंगळवार माझ्या उपचाराखाली होते.’ हे वाक्य खोटं आहे. आजार खरा, उपचार खोटा. आणि पडताळणी होते ती उपचाराचीच.

पडताळणी कशी होते ते सांगते. एचआरमधलं कोणीतरी दवाखान्यात फोन करतं किंवा मेल पाठवतं. आजार काय होता हे विचारत नाही, ते डॉक्टरांनी सांगायचंही नसतं. विचारतात एवढंच, की अमुक तारखेचं, अमुक क्रमांकाचं सर्टिफिकेट तुम्ही दिलंय का? डॉक्टरांसाठीचे २००२ चे व्यावसायिक आचारसंहितेचे नियम आहेत. त्यानुसार दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये ठेवायची असते आणि प्रत जपायची असते. माझ्यासमोर आलेल्या एका प्रकरणात कागद दिसायला अगदी व्यवस्थित होता: लेटरहेड, शिक्का, नोंदणी क्रमांक, ‘दोन दिवस पूर्ण विश्रांती’. दवाखान्यातून उत्तर आलं की त्या क्रमांकावर दुसऱ्याच रुग्णाची नोंद आहे आणि त्या मंगळवारी दवाखाना बंद होता. तोपर्यंत विषय दोन दिवसांच्या पगाराचा होता. त्या उत्तरानंतर तो बनावट कागद सादर केल्याचा झाला, आणि शिस्तभंगाच्या कारवाईत त्या माणसाला नोकरी सोडावी लागली. तोही खरंच तापाने पडून होता. पण आता ते ऐकायला कोणी तयार नव्हतं.

डॉक्टरांनाही यात गोवू नका. खोटं किंवा दिशाभूल करणारं सर्टिफिकेट दिल्याचं सिद्ध झालं तर त्याच नियमांनुसार त्यांचं नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं. दोन दिवसांच्या रजेसाठी कुणाकडे हे मागणं बरोबर नाही.

मग डॉक्टरांकडून खरा कागद काहीच मिळू शकत नाही का? मिळू शकतो, पण वेगळा. अजून अशक्तपणा असेल, पोट बिघडलेलं असेल, तर आज दवाखान्यात जा आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगा. डॉक्टर आजची तारीख घालून लिहू शकतात, की रुग्णाच्या सांगण्यानुसार रविवार रात्रीपासून उलट्या, जुलाब, ताप होता, आज तपासलं, सध्या कामासाठी सक्षम. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ हे शब्द मुद्दाम हवेत, कारण डॉक्टरांनी सोमवारी तुम्हाला पाहिलेलं नाही. असा कागद आजारपण सिद्ध करत नाही, हे मान्य. पण काही कंपन्यांना फाईलला एक वैद्यकीय कागद हवा असतो, तेवढं काम तो करतो. पूर्ण बरे झाला असाल आणि कंपनी मागत नसेल, तर नुसत्या कागदासाठी जायची गरज नाही.

आता तुमच्याकडे काय आहे ते गोळा करा. सोमवारी सकाळी पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज ही सगळ्यात वजनदार गोष्ट आहे, कारण तो संशय निर्माण व्हायच्या आधीचा आहे आणि सरांच्याच फोनवर आहे. ओआरएस आणि गोळ्यांचं मेडिकल दुकानाचं बिल किंवा त्याचं यूपीआय पेमेंट असेल तर तेही काढा. बिलाने एवढंच सिद्ध होतं की त्या दिवशी त्या वस्तू घेतल्या. आजारी तुम्हीच होतात हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून ते ‘पुरावा’ म्हणून पुढे करू नका, ‘जे आहे ते जोडतोय’ म्हणून द्या. आणि बिल नसेल, घरातल्याच गोळ्या घेतल्या असतील, तर तसं लिहा.

मेल साधारण असा लिहा. ऑफिसात तुम्ही तो इंग्रजीत पाठवाल, पण वाक्यांचा क्रम हाच ठेवा. वेळा आणि पॉलिसीचा मजकूर मी अंदाजाने घातलाय, तिथे तुमचं खरं जे असेल ते घाला.

‘सर,

तुमचा मेल वाचला. रविवारी सकाळी मी सिंहगडावर गेलो होतो, ते स्टेटस त्याच दिवसाचं आहे. तेव्हा मला काही त्रास नव्हता. रात्री अकराच्या सुमारास उलट्या आणि जुलाब सुरू झाले, पहाटे ताप आला. सोमवारी सकाळी ७.४० ला मी तुम्हाला मेसेज करून कळवलं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्रास होता. बुधवारी मी कामावर आलो.

या दोन दिवसांत मी डॉक्टरांकडे गेलो नाही, घरीच औषध घेतलं. त्यामुळे माझ्याकडे मेडिकल सर्टिफिकेट नाही. सोमवारी घेतलेल्या ओआरएस आणि गोळ्यांचं बिल सोबत जोडलं आहे.

आपल्या लीव्ह पॉलिसीनुसार दोन दिवसांपेक्षा जास्त सिक लीव्हसाठी सर्टिफिकेट लागतं. माझी रजा दोन दिवसांची आहे, म्हणून ती सिक लीव्ह म्हणून मंजूर करावी ही विनंती. या बाबतीत सर्टिफिकेट आवश्यकच आहे असं ठरलं, तर हे दोन दिवस माझ्या शिल्लक कॅज्युअल लीव्हमधून घ्यावेत.

याबद्दल काही विचारायचं असेल तर मी प्रत्यक्ष भेटून सांगायला तयार आहे.’

मेलची सुरुवात गडापासून का? कारण सरांच्या डोक्यात तेच आहे. तुम्ही ते टाळलंत आणि तापाबद्दल परिच्छेदभर लिहिलंत, तर वाचताना ते त्याच एका गोष्टीची वाट बघत राहतील आणि ती न आल्यावर संशय पक्का होईल. रविवारी सकाळी ठणठणीत असणं आणि रात्री आजारी पडणं यात विसंगती काहीच नाही. बाधलेल्या खाण्याने काही तासांत उलट्या सुरू होतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण ‘गडावरचं दही बाधलं’ असं लिहू नका. ते तुम्हाला माहीत नाही, तुमचा तो अंदाज आहे. उद्या बरोबरचा सहकारी म्हणाला, की आम्ही सगळ्यांनीच ते खाल्लं आणि कुणाला काही झालं नाही, की तुमच्या खऱ्या वाक्यांवरही प्रश्न येतो. जे झालं ते लिहा, का झालं ते सोडून द्या. स्टेटस आता डिलीटही करू नका. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि मेल आल्यावर ते गायब झालं तर मात्र तसं दिसेल.

‘डॉक्टरांकडे गेलो नाही’ हे वाक्य लिहिताना लोकांचा हात अडखळतो. मग ‘फोनवर डॉक्टरांशी बोललो होतो’ अशी एखादी पुस्ती जोडली जाते. बोलला असाल तरच लिहा. पुढचा प्रश्न ‘कोणत्या डॉक्टरांशी, किती वाजता’ हाच असतो. दोन दिवसांच्या पोटाच्या त्रासासाठी डॉक्टरकडे न जाणं ही चूक नाही, घरोघरी असंच करतात. म्हणून त्याबद्दल माफीही मागू नका. ‘यापुढे पहिल्याच दिवशी सर्टिफिकेट देईन’ असं आश्वासनही नको. पॉलिसी मागत नसताना तुम्ही स्वतःहून ती अट स्वतःला लावून घेता, आणि पुढे साध्या सर्दीच्या दिवशीही ते वाक्य तुमच्यासमोर ठेवलं जाईल.

मेलमधल्या तिसऱ्या परिच्छेदाचं काय करायचं ते तुमच्या पॉलिसीवर ठरेल. सुट्टीला जोडून रजेला कागद लागतो असं तुमच्याकडे लिहिलेलं असेल, तर पॉलिसीचं वाक्य काढून टाका आणि सरळ लिहा, की नियमानुसार सर्टिफिकेट लागतं हे मला मान्य आहे, ते माझ्याकडे नाही, तेव्हा हे दोन दिवस कॅज्युअलमधून किंवा अर्जित रजेतून घ्यावेत. रजाच शिल्लक नसेल तर विनापगारी होईल. ती किती पडते याचाही हिशेब करून बघा. समजा पगार ४५,००० आहे आणि कंपनी तिसाने भागते, तर दोन दिवसांचे ३,००० जातात. सव्वीसने भागत असेल तर साधारण ३,४६०. रक्कम छोटी नाही, पण नोंदीत ‘विनापगारी रजा’ असणं आणि ‘खोटं सर्टिफिकेट’ असणं यात किती अंतर आहे ते या आकड्याकडे बघून ठरवा.

एक गोष्ट मात्र नीट पाहा. विनापगारी रजा ही मंजूर रजा असते, फक्त तिचा पगार नसतो. ‘अनधिकृत गैरहजेरी’ ही वेगळी नोंद आहे, ती शिस्तीच्या बाजूला जाते. पोर्टलवर नोंद कशी झाली ते महिनाअखेर पगार होण्याआधी तपासा. तुम्ही सोमवारी सकाळीच कळवलं होतं, त्यामुळे गैरहजेरी लागली असेल तर त्या मेसेजचा दाखला देऊन दुरुस्ती मागा.

बहुतेक वेळा मेलनंतर सर केबिनमध्ये बोलावतात. तिथे ‘दोन दिवस झोपूनच होतास का?’, ‘मग व्हॉट्सॲपवर ऑनलाइन कसा दिसत होतास?’ असे प्रश्न येतील. उत्तरं छोटी ठेवा आणि मेलमध्ये जे आहे तेच सांगा. ‘हो सर, मध्ये मध्ये फोन बघत होतो. बसून काम करण्याच्या स्थितीत नव्हतो.’ बस. समोरचा गप्प बसला की आपण आणखी तपशील घालत सुटतो, आणि घाईत घातलेले तपशीलच एकमेकांशी जुळत नाहीत. ‘मला अजूनही पटत नाही’ असं ते म्हणाले, तर म्हणा, ‘माझ्याकडे होतं ते सगळं मी दिलंय सर. निर्णय तुम्ही घ्या, फक्त तो मेलवर कळवा.’ हे आवाज न चढवता म्हटलं की उर्मट वाटत नाही. दुसऱ्या सहकाऱ्याचं नाव मध्ये आणू नका, ‘त्याला नाही मागितलं’ हा मुद्दा खरा असला तरी. तो वेगळा विषय आहे, आणि या बैठकीत काढला की तुमचं उत्तर तक्रारीसारखं ऐकू येतं.

पहिल्या मेलमध्ये एचआरला प्रत ठेवायची का, असं बरेच जण विचारतात. सरांनी ठेवली असेल तर उत्तरातही ठेवा. नसेल तर पहिलं उत्तर फक्त त्यांनाच जाऊ द्या. पॉलिसीत कागदाची अट नसताना त्यांनी तरीही विनापगारी लावली, तर तोच मेल पुढे एचआरला पाठवून एकच प्रश्न विचारा: या रजेला पॉलिसीतलं कोणतं कलम लावलं? आम्हाला असा प्रश्न आला की त्याचं उत्तर कलम दाखवूनच द्यावं लागतं.

आजाराचा तपशील किती द्यायचा, हेही परिस्थितीवर आहे. पोट बिघडलं होतं हे सांगण्यात तुम्हाला संकोच नसेल तर सांगा, त्याने गोष्ट समजायला सोपी होते. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्त्रीरोग, मनाचा आजार किंवा असं काही असेल जे मॅनेजरला कळायला नको, तर डॉक्टरांना सांगून ‘या काळात कामासाठी वैद्यकीयदृष्ट्या अक्षम’ एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट घ्या आणि ते थेट एचआरला द्या. मॅनेजरला लिहा, ‘सर्टिफिकेट एचआरकडे जमा केलं आहे.’ रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी, सोनोग्राफी असलं काही मेलला जोडू नका. कंपनीला फारच शंका असेल तर तिने आपल्या पॅनेलवरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, हा मार्ग त्यांच्याकडे असतो.

ज्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत आहे आणि जे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत, त्यांचं गणित वेगळं आहे. तिथे आजारपणाचा भत्ता वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, मजुरीच्या ७० टक्के दराने मिळतो, पण त्यासाठी ईएसआय दवाखान्याचं किंवा त्यांच्या पॅनेल डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. गल्लीतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो भत्ता सहसा मिळत नाही. अशा लोकांनी पहिल्याच दिवशी ईएसआय दवाखाना गाठावा.

आणि कुणी आजारी नसताना, लग्नाला किंवा गावाला जाण्यासाठी सिक लीव्ह टाकली असेल, तर वरचा मेल त्यांच्यासाठी नाही. त्यांनी ‘ही रजा वैयक्तिक कामासाठी होती, कृपया कॅज्युअलमध्ये बदलावी’ असं पडताळणी सुरू होण्याआधी लिहावं. तोवर ते मान्य होण्याची शक्यता असते.

तुमच्या बाबतीत, आज पॉलिसी वाचा आणि उद्या दुपारच्या आत मेल पाठवा. पुढे कधी त्रास दुसऱ्या दिवशीही थांबला नाही, तर फोनवरून किंवा व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घ्या. २०२० पासून टेलिमेडिसिनला अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि नोंदणी क्रमांक असलेली ती चिठ्ठी त्याच दिवसाच्या तारखेची असते. जुलाब-उलट्या दोन दिवस टिकल्या तर तसंही डॉक्टरांना दाखवायलाच हवं, रजेसाठी नव्हे, अंगातलं पाणी कमी होतं म्हणून.